मापाची लिफ्ट

नकाशात जिन्याशेजारी एक चौकोन होता. त्यात फुली मारलेली, आणि बारीक अक्षरांत लिहिलेलं : लिफ्ट, १६०० × १६००. वीस घरांच्या एका जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाची बैठक चालली होती आणि इंजिनिअर म्हणून मला सल्ल्यासाठी बोलावलं होतं. दोन तास गॅलरीच्या ग्रिलवर आणि पार्किंगच्या वाटपावर वाद झाला. फुलीच्या चौकोनावर मात्र कुणी बोट ठेवलं नाही. लोक उठायला लागले तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, “अहो, ह्यांची चाकांची खुर्ची मावेल ना त्यात?”

मी नकाशा पुन्हा पाहिला. उत्तर सरळ होतं : नाही मावणार.

१६०० मिलिमीटरच्या चौकोनी डक्टमध्ये फार तर सहा माणसांची लिफ्ट बसते, तीही ओढूनताणून. तिची केबिन आतून ११०० मिलिमीटर रुंद आणि १००० मिलिमीटर खोल. चाकांची खुर्ची पायाच्या पट्ट्यांसकट मीटरभराहून थोडी लांबच असते. म्हणजे खुर्ची आत घातली तर दरवाजा लागणार नाही, आणि ढकलणाऱ्या माणसाने जिन्यानेच जायचं. बिल्डरच्या माणसाचं म्हणणं होतं की पाच मजल्यांना सहा माणसांची लिफ्ट पुरते, सगळीकडे हीच टाकतात. गंमत म्हणजे त्याचं म्हणणं हिशोबाने अगदी बरोबर होतं. तो हिशोब आधी करू, म्हणजे घोळ कुठे होतो ते कळेल.

इमारत अशी : खाली पार्किंग, वर पाच मजले, मजल्यावर चार घरं. मजल्याची उंची ३ मीटर. घरटी साडेचार माणसं धरली तर नव्वद माणसं. लिफ्टवर सगळ्यांत जास्त ताण सकाळी येतो, शाळा आणि ऑफिसच्या वेळी. म्हणून लिफ्टचा हिशोब नेहमी गर्दीच्या पाच मिनिटांचा करतात. राष्ट्रीय इमारत संहितेचा ठोकताळा असा की राहत्या इमारतीत एकूण माणसांपैकी साडेसात टक्के लोकांना लिफ्टने पाच मिनिटांत हलवता आलं पाहिजे. ऑफिसांच्या इमारतीत हाच आकडा दहा ते पंधरा आणि कधी त्याहून वर जातो, कारण तिथे सगळे एकाच ठोक्याला येतात. नव्वदाचे साडेसात टक्के म्हणजे सात माणसं.

आता लिफ्टची एक फेरी पाहू. सहा माणसांची लिफ्ट सहसा ठासून भरत नाही, म्हणून ऐंशी टक्के, म्हणजे सरासरी ४.८ माणसं धरतात. ही माणसं पाच मजल्यांत विखुरली तर लिफ्ट पाचही ठिकाणी थांबेलच असं नाही, दोघांचा मजला एकच असू शकतो. संभाव्यतेने हिशोब केला तर सरासरी ३.३ थांबे येतात. खालचा एक धरून ४.३. प्रत्येक थांब्याला वेग कमी होणं, दरवाजा उघडणं, बंद होणं आणि पुन्हा वेग घेणं मिळून दहा सेकंद धरा. झाले ४३ सेकंद. माणशी आत शिरायला आणि बाहेर पडायला तीन सेकंद, म्हणजे आणखी १४. आणि १५ मीटर वर, १५ मीटर खाली हा प्रवास सेकंदाला ०.६८ मीटर या आपल्याकडच्या रूढ वेगाने ४४ सेकंदांचा. एकूण एक फेरी १०१ सेकंदांची. पाच मिनिटांत अशा तीन फेऱ्या होतात आणि चौदा माणसं हलतात. लागत होती सात. म्हणजे सहा माणसांची एकच लिफ्ट गरजेच्या दुप्पट काम करते.

याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट दिसते. वेग ०.६८ वरून १ मीटर केला तर फेरीचे चौदा सेकंद वाचतात. दरवाजांत आणि थांब्यांत जो वेळ जातो तो तसाच राहतो. पाच मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट ‘फास्ट’ असल्याचा मोठेपणा मिरवण्यात फारसा अर्थ नाही. तिथे खरा फरक पाडतो तो दरवाजा. जाळीचा ओढायचा दरवाजा असेल तर चौथ्या मजल्यावर कुणीतरी तो अर्धवट सोडून जातो, आणि मग खालून जिन्याच्या पोकळीत तोंड घालून “लिफ्टचा दरवाजा लावा हो!” ही हाक. त्या दोन मिनिटांचा हिशोब कुठल्याच सूत्रात नाही. आपोआप बंद होणारा दरवाजा घ्यायचा, हे इथेच ठरवून टाकू.

तर गर्दीच्या हिशोबाने छोटी लिफ्ट पुरते. मग मोठी कशाला? कारण पाच मजल्यांच्या घरगुती इमारतीत लिफ्टचं माप माणसांच्या संख्येवरून ठरवायचंच नसतं. ते ठरवायचं त्या लिफ्टमधून न्यायच्या सगळ्यांत अवघड वस्तूवरून. चाकांची खुर्ची आणि तिच्यामागे उभा माणूस. दोन दारांचा फ्रिज. गादी. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर. आणि ज्याबद्दल बैठकीत कुणी बोलत नाही पण प्रत्येक इमारतीत कधी ना कधी वेळ येते, ती घरातून निघालेली शेवटची यात्रा.

आपल्याकडे लिफ्टची मापं आयएस १४६६५ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात तक्त्याने दिलेली आहेत. माणूस ६८ किलोचा धरतात, म्हणून सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची, आठची ५४४ आणि दहाची ६८० किलोची. हे विचित्र आकडे केबिनमधल्या पाटीवर सगळ्यांनी पाहिलेले असतात, ते कुठून आले हे फार जणांना ठाऊक नसतं. आठ माणसांची केबिन १३०० रुंद आणि ११०० खोल. दहाची १३०० रुंद आणि १३५० खोल. या दोघींतला फरक फक्त खोलीतल्या २५० मिलिमीटरचा आहे, जेमतेम एका वितीचा. पण खुर्चीच्या मागे माणूस उभा राहणार की नाही, ते याच वितीवर ठरतं. आठच्या केबिनमध्ये खुर्ची कशीबशी बसते आणि सोबतच्याने बाजूला चेपून उभं राहायचं. दहाच्या केबिनमध्ये त्याला निदान खुर्चीचं हँडल धरून नीट उभं राहता येतं.

सभासदांपैकी एकाने हुशारीचा प्रश्न विचारला : “केबिन मोठीच करू, पण पाटी सहा माणसांची लावू. मोटर लहान लागेल, खर्च वाचेल.” असं करता येत नाही. पाटी कुणी वाचत नाही, जागा दिसली की माणसं शिरतात. म्हणून केबिनचं क्षेत्रफळ आणि तिची वजनाची क्षमता यांची गाठ मानकातच घालून दिलेली आहे.

स्ट्रेचरचं मात्र दहाच्या केबिनमध्येही पूर्ण समाधान होत नाही. ताठ स्ट्रेचर दोन मीटरच्या आसपास लांब असतं आणि १३०० × १३५० चा कर्ण १.८७ मीटर भरतो. डोक्याकडची बाजू उचलून बसतं केलेलं स्ट्रेचर मावतं, आडवं नाही. आडवं न्यायचं तर केबिन दोन मीटरहून खोल हवी, म्हणजे हजार किलोच्या आसपासची, इस्पितळासारखी लिफ्ट. संहितेत अपंगांसाठी सुचवलेली तेरा माणसांची केबिन २००० रुंद आणि ११०० खोल आहे, दरवाजा ९०० चा. खुर्चीला ती उत्तम, पण मधल्या दरवाजातून लांब स्ट्रेचर आत घेऊन वळवणं तिथेही अवघडच. जागा असेल तर मी खोल केबिनच्या बाजूने आहे. इथे प्लॉट लहान होता, त्यामुळे दहावर तडजोड झाली.

दहाने आणखी एक काम परस्पर झालं. इमारत १५ मीटरपेक्षा उंच होत होती, आणि अशा इमारतीत अग्निशमन दलाला वापरता येईल अशी लिफ्ट लागते : किमान आठ माणसांची, केबिन १.४ चौरस मीटरहून कमी नाही, दरवाजा आपोआप बंद होणारा. सहाच्या केबिनचं क्षेत्रफळ १.१ भरतं. म्हणजे तो १६०० चा चौकोन काकूंच्या प्रश्नाआधीच नापास झाला होता.

आता डक्ट. केबिन १३०० असेल तर डक्ट १४०० चा का चालत नाही, हे लोकांना पटत नाही. मी कागदावर काढून दाखवतो. केबिनच्या भिंती आणि तिला धरणारी लोखंडी चौकट यांत दोन्ही बाजूंनी मिळून शंभर मिलिमीटर जातात. मग दोन्हीकडे गाइड रेल, म्हणजे ज्या उभ्या रुळांवरून केबिन सरकते ते रूळ, आणि त्यांना भिंतीशी बांधणारे ब्रॅकेट. त्यांना बाजूला दीड-पावणेदोनशे मिलिमीटर लागतात. इतक्यात १७५० होतात. शिवाय मधून दोन्हीकडे उघडणारा ८०० चा दरवाजा असेल, तर त्याची प्रत्येकी ४०० ची दोन दारं उघडल्यावर बाजूला कुठेतरी मावली पाहिजेत. म्हणजे १६००, आणि वर यंत्रणेची जागा. मानक १९०० रुंदी सांगतं ती उगाच नाही. जागा फारच अडली तर दोन्ही दारं एकाच बाजूला, एकामागे एक सरकणारा दरवाजा घेतात. त्याला दीडपट रुंदी पुरते, पण तो उघडायला थोडा जास्त वेळ घेतो.

खोलीचा हिशोबही तसाच. केबिन १३५०. तिच्या पुढे केबिनचा दरवाजा, मजल्याचा दरवाजा आणि दोन्ही उंबऱ्यांमधली सुमारे ३० मिलिमीटरची फट, मिळून अडीचशे-तीनशे. मागे काउंटरवेट, त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा, मिळून साधारण ३५०. तक्त्यात २१०० येतात. म्हणजे १६०० × १६०० ऐवजी १९०० × २१००, तेही आतून, गिलावा धरून निव्वळ. नकाशावर विटेच्या कडेपासून विटेच्या कडेपर्यंत माप लिहितात आणि नंतर आतून गिलावा चढतो. त्यातच चाळीस मिलिमीटर गेल्याचं मी पाहिलेलं आहे.

काउंटरवेटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचे आकडे त्यावर उभे आहेत. लिफ्ट म्हणजे मोटरने वर ओढलेली पेटी असा समज असतो. खरं तर तो वाण्याचा तराजू आहे. दोराच्या एका टोकाला केबिन, दुसऱ्या टोकाला लोखंडी किंवा काँक्रीटच्या वजनांची चळत, आणि मधे मोटरचं चाक. चळतीचं वजन रिकाम्या केबिनइतकं आणि वर भाराच्या निम्म्याच्या आसपास ठेवतात. आपल्या लिफ्टची रिकामी केबिन चौकटीसकट ८५० किलोची धरली, तर काउंटरवेट ८५० अधिक ३४०, म्हणजे ११९० किलोचं. आत पाच माणसं असली की तराजू समतोल, मोटरला फक्त घर्षण सोसायचं. पूर्ण भरलेली असो वा रिकामी, मोटरने उचलायचा फरक ३४० किलोच राहतो. सेकंदाला एक मीटर वेगाने ३४० किलो उचलायला सव्वातीन किलोवॉटहून थोडी जास्त शक्ती लागते. जुन्या पद्धतीच्या वर्म गिअरमध्ये जवळपास निम्मी शक्ती वाया जाते, तिथे सहा किलोवॉटची मोटर बसते. गिअरलेस यंत्राला सव्वाचारच्या आसपास पुरते. लिफ्ट रिकामी वर जाते तेव्हा काउंटरवेटच तिला ओढून नेत असतं, हे ऐकून ती सभा पहिल्यांदा गप्प झाली.

डक्टची लांबी-रुंदी निदान नकाशावर दिसते. खरे पैसे अडकतात ते तिच्या दोन टोकांना, कारण ती मजल्याच्या नकाशात दिसतच नाहीत.

खालचं टोक म्हणजे पिट. लिफ्ट तळमजल्याच्या पातळीला थांबते तेव्हा केबिनचा खालचा भाग फरशीच्या खाली गेलेला असतो. त्याखाली थोडी मोकळी जागा, मग बफर, म्हणजे चुकून खाली घसरली तर झेलणाऱ्या स्प्रिंगा. आणि बफर पूर्ण दाबला गेला तरी खाली काम करणारा माणूस चिरडता कामा नये एवढी जागा. ही बेरीज सेकंदाला एक मीटर वेगाला दीड मीटर येते. दीड मीटर फरशीच्या खाली म्हणजे शेजारच्या खांबांचे पाये त्या हिशोबाने खाली न्यायचे. पाये भरून झाल्यावर लिफ्टवाल्याला बोलावलं, आणि पिट ९०० च निघाला, असं मी एका इमारतीत पाहिलंय. मग तिथे तळमजल्यावर लिफ्टच्या दारात तीन पायऱ्या आल्या. चाकांच्या खुर्चीसाठी बांधलेल्या लिफ्टला तीन पायऱ्या.

पिटचा दुसरा शत्रू पाणी. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं आणि दीड मीटरच्या खड्ड्यात जमतं. म्हणून तो काँक्रीटचा, बाहेरून जलरोधक केलेला डबा हवा, आणि जमिनीखालची पाण्याची टाकी त्याला भिंतीला भिंत लावून नको. पाणी जायला म्हणून पिटमधून ड्रेनेजला थेट पाइप काढतात, हा उपाय रोगापेक्षा वाईट : चेंबर तुंबलं की उलटं पाणी पिटमध्ये. लिफ्टमध्ये शिरल्यावर ओलसर कुबट वास येतो, तळमजल्याशी डास जास्त दिसतात, आणि सर्व्हिसवाल्याने दार उघडल्यावर रुळाच्या खालच्या फूटभराला गंजाची पट्टी दिसते. ही तिन्ही लक्षणं एकाच गोष्टीची.

पाणी वरूनही येतं. आपल्याकडे जिना आणि लॉबी बादलीने धुतात. मजल्याच्या फरशीपेक्षा लिफ्टचा उंबरा दहा-पंधरा मिलिमीटर उंच आणि फरशीला तिथून उलटा हलका उतार, एवढ्याने ते पाणी डक्टमध्ये जायचं थांबतं. पण फरशी बसवणारा आणि लिफ्ट बसवणारा यांची गाठ पडत नाही. आधी उंबरा बसतो, मग जाड फरशी येते आणि उंबरा खड्ड्यात जातो. म्हणून प्रत्येक मजल्यावर भिंतीवर तयार फरशीच्या पातळीपासून एक मीटरवर रेघ मारून घ्यायची, आणि दोघांनी तिथूनच मापायचं.

वरचं टोक म्हणजे ओव्हरहेड. शेवटच्या मजल्याच्या फरशीपासून मशीन रूमच्या स्लॅबच्या तळापर्यंतचं हे अंतर. केबिनची उंची आणि तिच्यावरची चौकट मिळून तीन मीटरच्या जवळ जातात. लिफ्ट चुकून मजल्याच्या वर गेली, तिकडे काउंटरवेट आपल्या बफरवर टेकून तो दाबला गेला, तर केबिन आणखी वीसेक सेंटिमीटर वर चढते. आणि त्या क्षणी टपावर दुरुस्तीवाला उभा असेल तर त्याच्या डोक्यावर मीटरभर जागा उरली पाहिजे. सव्वाचार मीटर होतात ते असे. मला या आकड्याबद्दल आदर आहे, कारण त्यातला मीटरभर भाग इमारतीत न राहणाऱ्या एका माणसासाठी राखलेला आहे.

याचा अर्थ आपल्या इमारतीत काय होतो पाहा. पाचव्या मजल्याच्या फरशीपासून गच्ची ३ मीटरवर. ओव्हरहेड ४.२५. म्हणजे मशीन रूमच्या स्लॅबचा तळ गच्चीच्या सव्वा मीटर वर आला पाहिजे, गच्चीच्या पातळीला नव्हे. मूळ नकाशात तो गच्चीच्या पातळीलाच होता. डक्ट एकदा ओतला की वरचा स्लॅब तोडून सव्वा मीटर उचलण्याखेरीज मार्ग नसतो. नंतर कधी गच्चीपर्यंत लिफ्ट न्यायचा विचार असेल, पापड-वाळवणाला किंवा समारंभाला, तर तो आत्ताच सांगायचा. मग डक्ट आणि मशीन रूम आणखी एक मजला वर जाते.

“मग मशीन रूमच नको, हल्ली बिनमशीन रूमच्या लिफ्ट येतात ना,” असं लगेच कुणीतरी म्हणतं. येतात. १९९६ मध्ये फिनलंडच्या कोने कंपनीने तशी लिफ्ट बाजारात आणली, आता ती सर्रास दिसते. लहान गिअरलेस मोटर डक्टच्याच माथ्यावर बसते, आणि गच्चीवरची खोली वाचते. पण ओव्हरहेड वाचत नाही, दुरुस्तीवाल्याचा मीटर तिथेही लागतोच, शिवाय मोटरलाही तिथेच जागा लागते. आणि बिघाड झाल्यावर मोटरपाशी पोचायला केबिनच्या टपावर चढावं लागतं. गच्चीवर जागा असेल आणि शहरापासून दूर, जिथे चांगला कारागीर दोन दिवसांनी येतो अशा ठिकाणी बांधत असाल, तर मी मशीन रूमच सुचवीन. तिथे माणूस सरळ उभा राहून काम करतो.

मशीन रूम मात्र खोलीसारखी बांधायची. आपल्याकडे ती अडगळीसारखी बांधतात. डक्टच्या क्षेत्रफळाच्या साधारण दुप्पट, म्हणजे आपल्या बाबतीत आठ चौरस मीटर, आणि कंट्रोल पॅनलच्या पुढे माणूस वाकून काम करू शकेल अशी सत्तर सेंटिमीटर मोकळी जागा. मोटर उचलायला छतात मधोमध हूक, त्याची वजनक्षमता त्यावर रंगवलेली. तिथे जायला उभी लोखंडी शिडी नको, धड जिना हवा, कारण अडकलेल्या माणसांना सोडवायला रात्री बाराला कुणीतरी टॉर्च घेऊन धावत जाणार असतं.

मोटर ज्या दोन लोखंडी तुळयांवर बसते त्यांचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी कळला पाहिजे. केबिन ८५०, आतली माणसं ६८०, काउंटरवेट ११९०, दोर आणि केबल ८०. लटकणारं वजन २८०० किलो. लिफ्ट थांबते, सुटते, कधी झटका बसतो, म्हणून लटकत्या वजनाची दुप्पट धरायची पद्धत आहे : ५६०० किलो. वर यंत्राचे ४०० धरले की सहा टन. एवढा भार डक्टच्या भिंतींवर चार ठिकाणी उतरतो. भिंत नुसत्या विटेची असेल तर तो कुठे उतरायचा?

विटेचा प्रश्न खालीही आहे. रूळ भिंतीला दर अडीच मीटरला ब्रॅकेटने बांधावे लागतात. मजल्यावर काँक्रीटची तुळई असते, तिथे बोल्ट पक्का बसतो. पण तुळया तीन-तीन मीटरवर, म्हणजे मधे एक ब्रॅकेट विटेतच येतो आणि वर्षभरात तो ढिला होतो. लिफ्ट जाताना एका ठरावीक जागी ‘कडक’ असा आवाज आणि हलका धक्का येतो, तो बहुतेक वेळा याचाच. पूर्ण काँक्रीटचा डक्ट सगळ्यांत चांगला. विटेचाच करायचा तर प्रत्येक मजल्याच्या मध्यावर काँक्रीटचा पट्टा ओतून घ्यायचा. बांधकाम चालू असताना हे एका दिवसाचं काम आहे.

मशीन रूमच्या डोक्यावर पाण्याची टाकी ठेवायची मराठी सवय मला कधी कळली नाही. उंच जागा मिळते, दाब चांगला येतो, सगळं खरं. पण टाकी कधीतरी झिरपतेच, आणि तिच्याखाली विजेचं पॅनल असतं. आपल्या सोसायटीत टाकी जिन्यावर सरकवली. पश्चिमेच्या भिंतीतली काचेची खिडकी काढून तिथे आणि समोर जाळीच्या झडपा घेतल्या. आतल्या हवेचं तापमान ४० अंशांच्या आत राहावं लागतं. एप्रिलमध्ये बंद खोलीत ते सहज ओलांडतं, आणि मग ड्राइव्ह दुपारी तीनला स्वतःला बंद करून घेतो, सहाला पुन्हा सुरू होतो. लोक महिनाभर विजेला दोष देत राहतात.

एक की दोन लिफ्ट, यावर सोसायटीत खरा वाद झाला. हिशोबाने एक पुरते हे दिसलंच. पण एक लिफ्ट म्हणजे सर्व्हिसिंगच्या दिवशी शून्य लिफ्ट. दोन लहान लिफ्ट घेतल्या तर एक नेहमी चालू, पण खुर्ची दोन्हींत नाही. दुसरा डक्ट बसवायला प्रत्येक मजल्यावरच्या एका घराची खोली कमी होत होती. शेवटी मतदानाने एक, दहा माणसांची, सेकंदाला एक मीटरची ठरली. तेवढ्या वेगाला पिट आणि ओव्हरहेड जेमतेम वीतभराने वाढतात, म्हणून तो घेतला. वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा जोडली. मी दोनच्या बाजूने होतो, हरलो.

राज्यात आता १९३९ च्या मुंबई लिफ्ट कायद्याच्या जागी २०१७ चा महाराष्ट्र उद्वाहन कायदा आहे. त्याखाली लिफ्ट उभारण्याआधी विद्युत निरीक्षकांची परवानगी आणि चालवण्याआधी परवाना लागतो. त्या परवानगीसाठी लिफ्ट कंपनीचं मापांचं ड्रॉइंग लागतं. आम्ही क्रमच उलटा केला : आधी कंपनी ठरवली, तिच्याकडून ड्रॉइंग घेतलं, आणि मग पाये खोदायला परवानगी दिली. बिल्डरने दोन महिने गेले म्हणून कुरकुर केली.

गच्चीचा स्लॅब भरून झाल्यावर एका सकाळी आम्ही डक्टमध्ये ओळंबे सोडले. वरच्या चार कोपऱ्यांतून तारा, खाली जड वजनं, आणि ती हलू नयेत म्हणून तेलाच्या बादल्यांत बुडवलेली. प्रत्येक मजल्यावर तारेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहायचं. पंचवीस मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. तळापासून तिसऱ्यापर्यंत सगळं दहाच्या आत होतं. चौथ्या मजल्यावर मागची भिंत ३८ मिलिमीटर आत आलेली निघाली, सेंटरिंग त्या मजल्यावर सरकलं होतं. काउंटरवेट नेमकं तिथूनच जाणार. ठेकेदार म्हणाला, “साहेब, एवढ्याने काय होतंय, केबिन थोडी पुढे घ्या.” केबिन पुढे घेतली तर उंबऱ्यांतली फट जाते. चौथ्याची भिंत दोन दिवस छिन्नीने छिलून, सळ्या उघड्या पडतात का ते पाहत पाहत, वीस मिलिमीटर मागे नेली.

काकूंनी त्या दोन दिवसांत तीनदा विचारलं की आवाज कसला येतोय.